पंधरा सेकंदांचा नळ

पाणीपुरवठा खात्याच्या बाईंनी माझी दुसरी संहिताही परत केली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्याच्यानं होणार नाही.

काम दिसायला किरकोळ होतं. दात घासताना नळ बंद ठेवा, एवढंच सांगायचं. पंधरा सेकंदांची जाहिरात. पण ती दाखवणार होते बसस्थानकांवर, इस्पितळांत, कचेऱ्यांच्या रांगांपुढे, जिथे टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि त्याचा आवाज कुणीतरी कधीच बंद करून टाकलेला असतो. म्हणजे बोलणं नाही, गाणं नाही. एक दृश्य, एक गंमत, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश.

पहिली संहिता मी हौसेनं लिहिली होती. एक गृहस्थ डोळे मिटून दात घासतायत, नळ चालू. पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि शेवटी त्यांच्या पाठीमागून एक होडी जाते. आमच्या ऑफिसात सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"यात तर पाणीच पाणी आहे हो," त्या म्हणाल्या. "ज्यांच्याकडे दिवसाआड नळ येतो ते बघून म्हणतील, वा, काय मजा आहे!"

बाई मूळच्या अभियंता. उमेदीची वर्षं त्यांनी जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधण्यात घालवली होती, आणि आता त्यांना जनजागृतीच्या टेबलावर बसवलं होतं. पाण्याच्या बाबतीत त्यांची नजर चुकवणं कठीण.

दुसऱ्या संहितेत काचेच्या भांड्यातला मासा होता. गृहस्थ दात घासतायत, आणि तिकडे माशाच्या भांड्यातलं पाणी उतरत चाललंय. बाईंनी कागद खाली ठेवला.

"मासा शेवटी मरतो का?"

"नाही, नाही. ते नळ बंद करतात."

"वेळेवर?"

"अगदी शेवटच्या क्षणी."

"माझी धाकटी हे बघून आठवडाभर जेवणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, जमलं तर गळक्या नळाचंही घ्या. गाडी पाइपनं धुऊ नका, तेही. आणि तक्रारीचा फोन नंबर."

"बाई, पंधरा सेकंद म्हणजे किती वेळ माहीत आहे? तुम्ही आत्ता बोललात ना, तेवढ्यात ते संपले."

त्यावर मात्र त्या हसल्या. "बरं, मग एकच सांगा. पण नीट सांगा."

त्या शनिवारी मी मामाकडे राहायला गेले. दर शनिवारी जातेच. आई लवकर गेली, त्यामुळे मी मामा-मामींच्याच घरात लहानाची मोठी झाले. त्यांना मूलबाळ नाही, आणि मला दुसरं माहेर नाही.

मामाचा चेहरा तुम्ही ओळखला नसता. आवाज नक्की ओळखला असता. जन्मभर त्यानं जाहिरातींना आवाज दिला. साबण, सायकली, लसीकरण, मतदान, काय म्हणाल ते. सरकारी जाहिरात कुणीही वाचलेली असो, शेवटचे "जनहितार्थ जारी" हे दोन शब्द म्हणायला मामालाच बोलावणं यायचं. एका सेकंदात बसवायचा, तरी घाई केली असं वाटायचं नाही. मी या धंद्यात आले ती त्याचं बोट धरूनच. माझ्यामुळे स्टुडिओत लहानथोर सगळेच त्याला मामा म्हणू लागले.

मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, ओठाची उजवी कड खाली ओढली गेली. चालणं हळूहळू परत आलं. शब्द आले नाहीत. आपण बोललेलं त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. मात्र सूर जुनाच होता. त्या एका शब्दात तो प्रश्न विचारायचा, टोमणा मारायचा, दार लावून घे म्हणून सांगायचा. मामीला सगळं समजायचं. निदान ती तसं दाखवायची.

रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते. तिथून न्हाणीघराबाहेरचं बेसिन समोर दिसतं. मामा उंच स्टुलावर बसून डाव्या हातानं दात घासत होता. डोळे मिटलेले, नळ धो धो चालू. मनात म्हटलं, घ्या, आपल्याच घरी दिव्याखाली अंधार.

तेवढ्यात मामी आली. नळाखाली पातेलं धरलं. भरलं, तशी ते फळीवर ठेवून किटली धरली. मग झाडांची झारी. मामानं डोळे न उघडताच मान जरा डावीकडे घेतली, तिला झारी तिरकी घालता यावी म्हणून. मग फुलदाणी. ती घेताना मामीचं कोपर त्याच्या खांद्याला लागलं, तसा त्यानं खांदा आत घेतला. इतकं सवयीचं चाललं होतं की बघतच राहावं. जोडीनं नाचणारी माणसं एकमेकांचे पाय न बघता नाचतात ना, तसं.

मी कप खाली ठेवला. माझी जाहिरात माझ्यासमोर दात घासत होती.

नंतर स्वयंपाकघरात मी मामीला विचारलं, "अगं, भांडी संपली की काय करतेस?"

"काय करणार? नळ बंद करते."

"मग आधीच का नाही करत? एवढी कसरत कशाला?"

मामी भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला आणि दाराकडे एकदा पाहिलं.

"तू नीट ऐकलं नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "ब्रश तोंडात असला ना, की ते बोलायचा प्रयत्न करतात. आरशासमोर. आ, ऊ, काहीबाही. निघत नाही, पण करतात. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडतात. मी बंद केला की गप्प बसतात. मग म्हटलं, चालू दे बापडा. पाणी तेवढं मी धरते."

मीही भाजी निवडायला बसले.

सोमवारी मी संहिता लिहिली. आमच्या धंद्यात कागदाचे उभे दोन भाग करतात, डावीकडे काय दिसतं आणि उजवीकडे काय ऐकू येतं. उजवी बाजू मी कोरी ठेवली. डावीकडे लिहिलं: आजोबा डोळे मिटून दात घासतायत, नळ चालू. आजी एकामागून एक भांडी भरून नेतेय.

बाईंना ती वाचून दाखवली. त्या हसल्या, आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण मग पाणी वाया कुठे गेलं? आजींनी तर सगळं वाचवलं. लोक म्हणतील, नळ खुशाल चालू ठेवा, खाली बादली लावा म्हणजे झालं."

मुद्दा बिनतोड होता.

"शिवाय बेसिनच्या नळाखाली बादली बसत नाही," आमचा दिग्दर्शक बाजूनं म्हणाला. हा माणूस दिवसातून फार तर दहा वाक्यं बोलतो, आणि त्यातली दोन अशी असतात.

तेव्हा मला मामीचं उत्तर आठवलं. काय करणार? नळ बंद करते.

"भांडी संपतात," मी म्हटलं. "बाई, गंमत तिथेच आहे. पातेलं, किटली, झारी, फुलदाणी. मग काही उरत नाही म्हणून ती गमबूट आणते. तोही भरतो. मग मोकळे हात. इकडे बघते, तिकडे बघते. घरात रिकामं काही नाही, आणि आजोबा आपले घासतायत. आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं. एका बोटानं नळ बंद. इतका वेळ जीव काढला, आणि करायचं होतं ते एवढंसं."

बाईंनी एक क्षण विचार केला. "बोटानं होईल? फिरवायचा नळ असला तर पूर्ण हात लागतो. दांडीचा नळ घ्या, पाव फेरीचा."

"घेऊ."

"मग झालं. पडद्यावर शब्द तीनच. 'ब्रश करताना? नळ बंद.'"

"ते चार आहेत," दिग्दर्शक म्हणाला.

"चार," बाई म्हणाल्या. "फोन नंबर सोडला."

आजोबा कोण, हा प्रश्न होता. दिग्दर्शकाला एक नावाजलेला विनोदी नट हवा होता. मी मामाचं नाव काढलं. दिग्दर्शकानं मामाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. तोच म्हणाला, "त्यांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. संध्याकाळी विचारायला गेले, तर आधी मामीच आडवी आली.

"अजिबात नाही. त्यांचं तोंड वाकडं झालंय, त्यात फेस लावून चारचौघांत दाखवायचं? लोक हसतील."

"मामी, लोकांना हसू आलं पाहिजे, म्हणूनच तर करतोय. पण त्याच्या तोंडाला नाही, गमबुटाला."

"लोकांना काय कळतंय कशाला हसायचं ते! आयुष्यभर त्यांनी तोंड दाखवलं नाही, आवाज ऐकवला. आता आवाज गेला तर तोंड दाखवायचं होय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं, आपण चुकलो. मी पर्स उचलली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मामा आला. पायघड्यांवरून चालल्यासारखं सावकाश पाऊल टाकत. बेसिनपाशी स्टूल ओढलं, बसला, कोरडाच ब्रश तोंडात घातला, डोळे मिटले. मग जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं दात घासण्याची नक्कल केली. भुवया वर चढल्या, मान तालात डोलायला लागली, चेहऱ्यावर असं समाधान की जगात दुसरं काही चाललेलंच नाही. ओठाची खाली ओढलेली कडसुद्धा त्याच्या कामाला आली. त्यामुळे तो लब्बाड दिसत होता.

मामी आधी रागानं बघत होती. मग तिच्या नाकातून फुसकन हसू निघालं. ते थांबवायला तिनं पदर तोंडाला लावला, तरी थांबेना.

मामानं एक डोळा उघडला. "बरं?"

"बरं काय बरं!" मामी डोळे पुसत म्हणाली. "आणि आजी कोण होणार? कुणीतरी रंगवलेली बाई? तिचं कोपर लागलं की तुम्ही दचकाल. ते काही नाही. भांडी मी धरणार."

अशी आमची दोन पात्रं ठरली.

चित्रीकरण एका जुन्या स्टुडिओत होतं. घरातल्या जागेत कॅमेरा मागे नेता येईना, म्हणून प्लायवूडची भिंत उभी करून तिला टाइल्स डकवल्या, बेसिन बसवलं, वर आरसा लावला. आरसा जरा खाली झुकवला, म्हणजे त्यात कॅमेरा दिसणार नाही. भिंतीमागे टबात पाणी, त्यात छोटा पंप. पंपातून पाणी नळाला, बेसिनमधून ते खालच्या पाइपनं परत टबात. तेच पाणी फिरत राहायचं. ही बाईंची अट होती.

"पाणी वाचवायच्या जाहिरातीत पाणी वाया गेलेलं दिसलं, तर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि खात्री करायला स्वतः आल्या होत्या. आल्या आल्या भिंतीमागे जाऊन, गुडघे टेकून त्यांनी पाइपचा जोड चाचपला. तो किंचित ठिबकत होता. पर्समधून त्यांनी पांढऱ्या टेपची गुंडाळी काढली, जोड उघडला आणि आट्यांवर टेप स्वतः गुंडाळून तो परत घट्ट केला. "सवय जात नाही," मला म्हणाल्या.

फेसाची मामीला काळजी होती. झटक्यानंतर मामाला गिळताना ठसका लागायचा. म्हणून मेकअपवाल्या ताईनं ब्रशला पेस्ट लावलीच नाही. अंड्याचा पांढरा बलक घुसळून ओठांच्या बाहेरून फेस लावला. थुंकायला मामीच्या हातात वेगळा मग होता, बेसिनमधल्या फिरत्या पाण्यात काही पडू नये म्हणून.

कॅमेरा एकाच जागी रोवलेला. प्रत्येक भांड्याचा तुकडा वेगळा घ्यायचा आणि नंतर मधला वेळ कापून जोडायचा, म्हणजे बघणाऱ्याला भांडी पटापट बदलल्यासारखी वाटतात आणि मागच्या फळीवर भरलेल्यांची गर्दी वाढत जाते. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मामानं जागचं हलायचं नाही. जरा हलला तर जोडताना टुणकन उडी मारल्यासारखा दिसणार. फक्त शेवटचा तुकडा, मोकळ्या हातांपासून नळ बंद होईपर्यंतचा, सलग घ्यायचा होता. तिथे कापलं तर गंमत मेली.

पातेलं झालं. किटली झाली. झारीच्या वेळी मामानं आपणहून मान डावीकडे घेतली, आणि दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे स्वतःशीच म्हणाला, "हे लिहून सुचत नाही." गमबूट बेसिनमध्ये उभा राहीना, मामीनं त्याला कान धरल्यासारखं धरलं, तेव्हा प्रकाशयोजना करणारे काका हसून शिडीवरून उतरले. आवाज रेकॉर्ड होत नव्हता, त्यामुळे हसायची मुभा होती. जाहिरात मुकीच, म्हणून आम्ही ध्वनिमुद्रकाला बोलावलंच नव्हतं.

दुपारपर्यंत मामा थकला. स्टुलावर बसूनही त्याचा पाय थरथरत होता. दिग्दर्शकानं विश्रांती द्यायची ठरवली, पण मामानं मान हलवली. "बरं, बरं." म्हणजे उरकून घ्या.

शेवटचा तुकडा. कॅमेरा सुरू झाला. मामा घासतोय. मामी मोकळे हात घेऊन उभी. फळीकडे बघितलं, सगळं भरलेलं. जमिनीकडे बघितलं, गमबूट तुडुंब. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं तिला दहादा सांगितलं होतं, आणि तिनं बघितलं नाही. मग तिनं नळाकडे पाहिलं. तर्जनी पुढे केली आणि दांडी हलकेच खाली दाबून फिरवली.

पाणी थांबलं.

सकाळपासून तो आवाज आमच्या कानांत भरलेला होता. तो गेला तशी जागा एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. संहितेप्रमाणे मामानं आता डोळे उघडून मामीकडे बघायचं होतं. त्यानं डोळे उघडले. मामीकडे बघितलं. मग समोर बघितलं, ब्रश तोंडातून काढला, आणि फेसाळलेल्या तोंडानं, खणखणीत, जुन्या, वर्षानुवर्षं पाठ झालेल्या आवाजात म्हणाला,

"जनहितार्थ जारी."

"अहो!" मामी ओरडली.

कुणीही हललं नाही. कॅमेरामननं कॅमेरा बंद केला नाही, कारण दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं नाही, कारण दिग्दर्शक रडत होता.

मामाच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. आपल्या तोंडातून कुणी दुसराच बोलून गेल्यासारखा तो इकडेतिकडे बघत होता. मामीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. फेस तिच्या बोटांना लागला. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "अहो, पुन्हा म्हणा ना."

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. "ब," तो म्हणाला. "ब... बरं." पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बरं. आम्ही सगळे आशेनं त्याच्याकडे बघत होतो, आणि त्या बघण्याचंच ओझं त्याला होत होतं, हे मला कळत होतं पण नजर हटवता येत नव्हती. तिसऱ्यांदा त्यानं मूठ मांडीवर आपटली आणि त्याचे डोळे भरून आले.

मग मामी आमच्याकडे वळली. "काय बघताय सगळे? जेवणाची वेळ झाली नाही का तुमची?"

आम्ही शहाण्यासारखे बाहेर गेलो. बाईही आल्या. व्हरांड्यात उभ्या राहून त्या बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत होत्या.

"मी गळती शोधायचे ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा जमिनीला कान लावून ऐकायचं यंत्र असायचं. रस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी खाली पाणी वाहत असलं की कळायचं."

मामाच्या वाचा-उपचारांच्या डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, असं होतं. मनात जुळवून बोलायचं बोलणं वेगळं आणि हजारदा म्हणून गुळगुळीत झालेलं वेगळं. शिव्या, आकडे, गाणी, प्रार्थना कधी कधी शिल्लक राहतात. सांगून येत नाहीत, संधी मिळाली की निसटतात. "याला बरं होणं समजू नका," त्या म्हणाल्या. "पण दार कुठे आहे ते कळलं. आता त्या दारानं जाऊन बघू."

ध्वनिमुद्रक नव्हता, पण कॅमेऱ्याला स्वतःचा एक साधा माइक असतो. तुकडे जुळवताना संकलकाला तो आवाज सापडला. त्यानं मला बोलावून ऐकवला. भिंतीमागच्या पंपाची घरघर होती, आणि त्या घरघरीवर मामाचा आवाज. 'जारी'चा शेवट आणि मामीचं 'अहो' एकमेकांत मिसळलं होतं. संकलकानं खूप खटपट केली, पण 'अहो' काही वेगळं निघेना.

मुक्या जाहिरातीचं काम बाईंनी लगेच मंजूर केलं. चित्रपटगृहांसाठी आवाजाची एक प्रत लागणार होती, तिला नुसतं संगीत द्यायचं ठरलेलं होतं. मी बाईंना संकलकाकडची पट्टी ऐकवली आणि म्हटलं, निर्णय तुमचा. खात्याच्या जाहिरातीत 'अहो' शोभेल का?

त्यांनी दोनदा ऐकली. "वरच्या साहेबांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "अहोसकट ठेवा. नुसतं जनहितार्थ जारी कोण ऐकतं?"

पण मामाला विचारल्याशिवाय मी ते वापरणार नव्हते. संगणक घेऊन घरी गेले, दोघांना शेजारी बसवलं आणि लावलं. पातेलं, किटली, झारी, फुलदाणी, गमबूट, मोकळे हात. मामी स्वतःला बघून लाजून चूर झाली. "शी, किती जाड दिसतेय मी." मग बोट, नळ, शांतता, आणि तो आवाज.

मामानं बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यानं डोळे मिटले, एखाद्या उमेदवाराचं काम तपासावं तसे. मग मान हलवली. "बरं." त्यात मला परवानगी ऐकू आली, आणि थोडी तक्रारही. मामीला विचारलं, काय म्हणतोय.

"म्हणतायत, 'जा' जरा लांबला," मामी म्हणाली.

त्यानंतर त्याच्या उपचारांची रीत बदलली. डॉक्टरीणबाई त्याला जुन्या जाहिरातींच्या ओळी म्हणायला लावत, ताल देऊन, डाव्या हातानं मांडीवर ठोके देत. पहिले काही आठवडे काही नाही. मग एकदा साबणाची अर्धी ओळ. मग आकडे. मामीचं नाव अजून आलेलं नाही, आणि मामी म्हणते, कशाला हवंय, इतकी वर्षं त्यांनी नावानं हाक मारलीच कुठे. मात्र घरी एक फरक मी माझ्या कानांनी ऐकला. सकाळी बेसिनपाशी नळ बंद असतो. आ, ऊ, बा, अर्धवट, वेडेवाकडे आवाज घरभर येतात. मामी स्वयंपाकघरातून ऐकते आणि भांडं आपटल्याचा एकही आवाज करत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर उपचारकेंद्रात गेले होते. बाहेरच्या खोलीत बाकांवर माणसं बसली होती, आणि भिंतीवरच्या मुक्या टीव्हीवर आमची जाहिरात लागली. मामी चटकन खाली बघून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. समोरच्या बाकावर एक पाचसहा वर्षांची मुलगी आपल्या आजोबांच्या मांडीवर रेलून बसली होती. गमबूट आला तशी ती मोठ्यानं हसली. मग तिनं मामाकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. पुन्हा मामाकडे.

"तुम्हीच आहात ना?"

"बरं," मामा गंभीरपणे म्हणाला.

"मग तुमचा बूट कुठाय?"

मामानं पाय पुढे करून आपली साधी चप्पल दाखवली. मुलीला ते पटलं नाही. ती खाली उतरून त्याच्यासमोर आली आणि तिनं त्याच्या चपलेत वाकून पाहिलं, पाणी आहे का ते.

"नाहीये," तिनं आजोबांना सांगितलं.

तिचे आजोबा ओशाळून तिला मागे बोलावत होते. मामाचे खांदे गदगदा हलत होते. आतून त्याचं नाव पुकारलं, तेव्हा मामीनं त्याच्या काखेत हात घातला, तो उठला, आणि दारापर्यंत जाताना दर पावलाला चपलेकडे बघत, भिजलीय की काय अशा नाटकी काळजीनं पाय झटकत गेला. दार बंद झाल्यावरही ती मुलगी हसतच होती.